पैसे गेले, ॲप उघडेना: सीमाभागातल्या मुलांना टेस्ट सिरीज विकणाऱ्या ॲपचालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पुणे, कोल्हापूर, सांगलीत बसून तुम्ही पोलीस भरतीच्या, तलाठी भरतीच्या, वनरक्षकाच्या टेस्ट सिरीज चालवता. त्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आमची मुलंही विकत घेतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना ठरलेला दाखला जोडून महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो. तयारीची पुस्तकं इथे उशिरा पोचतात, क्लास लावायचा तर कोल्हापूर गाठावं लागतं. म्हणून ही मुलं तुमच्या ॲपवर विसंबून असतात. मी अँड्रॉइड ॲप बनवण्याचं काम करतो आणि संध्याकाळी खानापूरच्या एका अभ्यासिकेत गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतो. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मला रोज दिसतात, आणि त्या नात्यानेच हे पत्र लिहितो आहे.

तक्रार एकच आहे. मुलगा येतो आणि म्हणतो, "सर, खात्यातनं पैसे गेलेत, पण ॲप उघडंना झालंय." प्ले स्टोअरमध्ये खरेदीपुढे `Pending` दिसत असतं. तो तुमच्या मदत क्रमांकावर लिहितो. तिकडून ठरलेलं उत्तर येतं: "तुमच्या बँकेशी संपर्क साधा, पाच ते सात दिवसांत पैसे परत येतील." हे उत्तर काही वेळा बरोबर असतं. पण बऱ्याचदा ते चुकीचं असतं, आणि चूक बँकेत नसून तुमच्या ॲपमध्ये असते. कशी, ते सविस्तर सांगतो.

आधी `Pending` का दिसतं ते पाहू. यूपीआयने पैसे भरताना मुलगा पिन टाकतो. ती विनंती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत त्याच्या बँकेकडे जाते आणि बँक खात्यातून रक्कम वजा करते. मग ती रक्कम दुकानदाराच्या बँकेकडे जमा व्हायची असते आणि जमा झाल्याची पोच त्याच वाटेने परत यायची असते. एसएमएस मात्र मुलाच्या बँकेने पैसे वजा केले की लगेच येतो. पुढची पोच अजून यायची असते. एखाद्या बँकेचा सर्व्हर संध्याकाळच्या गर्दीत वेळेत उत्तर देत नाही, तेव्हा प्ले स्टोअरला "मिळाले" असंही म्हणता येत नाही आणि "नाही मिळाले" असंही म्हणता येत नाही. या मधल्या अवस्थेचं नाव `PENDING`.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. जांबोटी, कणकुंबीकडे जंगलात रेंज येते-जाते, म्हणून पेमेंट अडकलं, असं मुलंही मानतात आणि तुमचे मदतनीसही सांगतात. पिन टाकून विनंती एकदा बँकेकडे पोचली की पुढचं सगळं काम सर्व्हर आपसात करतात. मुलाचा फोन बंद पडला तरी ते थांबत नाही. रेंज गेली तर इतकंच होतं की निकाल लागल्याची बातमी त्या फोनवरच्या ॲपला लगेच कळत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा आहे.

`PENDING` असताना तुम्ही सिरीज उघडत नाही, हे योग्यच आहे. गुगलचा नियमही तोच आहे: खरेदी `PURCHASED` झाल्याशिवाय विकलेली वस्तू द्यायची नाही. पैसे अजून तुमच्या बाजूला पोचलेलेच नाहीत, उद्या व्यवहार रद्द झाला तर दिलेली वस्तू परत कशी घेणार? मुलांना मी हे समजावतो आणि त्यांना ते पटतंही. माझं भांडण त्या प्रतीक्षेशी नाही. प्रतीक्षा संपल्यानंतरही कुलूप उघडत नाही, त्याच्याशी आहे.

एक प्रकरण सांगतो. ॲपचं नाव घेत नाही, कारण ही चूक एकाच ॲपपुरती नाही. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने सोमवारी संध्याकाळी ४९९ रुपयांची सराव परीक्षांची मालिका घेतली. परीक्षा रविवारी होती. पैसे वजा झाल्याचा एसएमएस आला, ॲपमध्ये "पेमेंट प्रलंबित" असं क्षणभर दिसलं आणि पडदा पुन्हा खरेदीच्या पानावर आला. त्याने ॲप बंद केलं. रात्री कधीतरी पोच आली, प्ले स्टोअरने खरेदी `PURCHASED` केली, तशी ईमेलही आली. मंगळवारी सकाळी त्याने ॲप उघडलं तर कुलूप तसंच. बुधवारी तो बँकेत गेला. बँकेतल्या बाईंनी संगणकावर पाहून सांगितलं की व्यवहार यशस्वी आहे, पैसे समोरच्याला पोचले आहेत, आम्ही काही करू शकत नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तुमच्यासारख्याच एका मदत केंद्राने मात्र त्याला पुन्हा बँकेकडेच पाठवलं. गुरुवारी रात्री प्ले स्टोअरकडून खरेदी रद्द झाल्याची आणि रक्कम परत केल्याची ईमेल आली. मुलाला वाटलं, बँकेने शेवटी ऐकलं. प्रत्यक्षात घडलं होतं वेगळंच.

खरेदी `PURCHASED` झाली की ॲपने ती मिळाल्याची कबुली प्ले स्टोअरला द्यायची असते, म्हणजे `acknowledgePurchase()` बोलवायचं असतं. पुन्हा पुन्हा घेता येणारी वस्तू असेल तर `consumeAsync()`. ही कबुली तीन दिवसांत गेली नाही तर गुगल असं धरतं की ग्राहकाला वस्तू मिळालीच नाही, आणि पैसे आपोआप परत करतं. ही मुदत मुलाने पैसे भरल्यापासून नाही, तर `PENDING` चं `PURCHASED` झाल्यापासून मोजली जाते. सोमवारी रात्री ती सुरू झाली, गुरुवारी रात्री संपली. त्या सगळ्या काळात पैसे पोचलेले होते, खरेदी पक्की होती, मुलगा ॲप उघडून बघत होता, आणि ॲपने एकदाही प्ले स्टोअरला विचारलं नाही की याची खरेदी पूर्ण झाली का. विचारलं असतं तर मंगळवारी सकाळीच कुलूप उघडलं असतं.

असं का होतं, हे तुमच्यातल्या प्रोग्रॅमरना चटकन कळेल. खरेदीची बातमी `onPurchasesUpdated()` मध्ये येते. बऱ्याच ॲपमध्ये तेवढीच एक जागा ऐकणारी असते. कार्डाने लगेच पैसे भरले तर ते चालून जातं, कारण बातमी तिथल्या तिथे येते. पण रात्री ॲप बंद असताना खरेदी पूर्ण झाली तर ऐकायला कोणीच नसतं. म्हणून ॲप दर वेळी समोर येताना, `onResume()` मध्ये, `queryPurchasesAsync()` बोलवून या खात्यावर कुठल्या खरेद्या आहेत ते विचारायलाच हवं. आलेली प्रत्येक खरेदी तिच्या अवस्थेप्रमाणे हाताळायची:

```kotlin
when (purchase.purchaseState) {
    Purchase.PurchaseState.PURCHASED ->
        verifyOnServer(purchase.purchaseToken)
    Purchase.PurchaseState.PENDING ->
        showPendingScreen()
}
```

सर्व्हरने टोकन, म्हणजे त्या खरेदीची गुगलने दिलेली खूण, तपासायचं, मुलाच्या खात्यावर सिरीज उघडायची आणि मगच कबुली द्यायची. क्रम उलटा केलात, आधी कबुली आणि नंतर उघडणं, आणि मध्येच काही बिघडलं, तर गुगलचं ते आपोआप पैसे परत करणारं संरक्षणही मुलाच्या हातून जातं. मग त्याच्याकडे ना सिरीज, ना पैसे.

याच्याही पुढचं काम तुमच्या सर्व्हरवर आहे आणि आमच्या मुलांसाठी तेच जास्त मोलाचं आहे. शेतात किंवा कामावर असलेला मुलगा ॲप उघडेपर्यंत वाट कशाला बघायची? प्ले कन्सोलमध्ये तत्काळ सूचना सुरू केल्या की अडकलेली खरेदी पूर्ण होताच तुमच्या सर्व्हरला `ONE_TIME_PRODUCT_PURCHASED` असा निरोप येतो आणि रद्द झाली तर `ONE_TIME_PRODUCT_CANCELED`. निरोपात टोकन असतं, मुलाचं नाव नसतं. म्हणून खरेदी सुरू करतानाच `setObfuscatedAccountId()` ने तुमचा ग्राहक क्रमांक सांकेतिक रूपात जोडा, आणि `PENDING` असतानाच टोकन सर्व्हरवर नोंदवून ठेवा. मग निरोप आला की सर्व्हर स्वतः सिरीज उघडेल, स्वतः कबुली देईल आणि मुलाला एसएमएस पाठवेल. हिशेबाची खूणही टोकनचीच ठेवा, ऑर्डर क्रमांकाची नको. प्रत्येक खरेदीला ऑर्डर क्रमांक मिळेलच अशी हमी गुगल देत नाही.

एक चूक मी दुसऱ्यांची ॲप दुरुस्त करताना पाहिली आहे आणि ती सापडायला फार त्रास देते. ॲपमधल्या लायब्ररीत `PURCHASED` चा आकडा 1 आहे आणि `PENDING` चा 2. सर्व्हरवर गुगलला विचारलं तर उत्तरातल्या `purchaseState` मध्ये पूर्ण खरेदी म्हणजे 0, रद्द म्हणजे 1 आणि अडकलेली म्हणजे 2. ॲपमधली अट तशीच उचलून सर्व्हरवर ठेवली की पूर्ण झालेली खरेदी नाकारली जाते आणि रद्द झालेली मान्य होते. तुमच्या सर्व्हरवर कोणी `== 1` लिहिलंय का, तेवढं आजच पाहून घ्या.

हे सगळं तपासायला खरी बँक बंद पडण्याची वाट बघावी लागत नाही. प्ले कन्सोलमध्ये `License tester`, म्हणजे ॲपचे परीक्षक, म्हणून नोंदवलेल्या खात्याने खरेदी केली की प्ले स्टोअर खोटी कार्डं पुढे करतं. त्यात एक हळू चालणारं कार्ड काही मिनिटांनी मंजूर होतं आणि दुसरं काही मिनिटांनी नाकारलं जातं. पहिलं निवडा, ॲप पूर्ण बंद करा, चहा घेऊन या, ॲप उघडा. सिरीज उघडली नसेल तर आमच्या मुलांना काय सोसावं लागतं ते तुम्हाला तिथेच दिसेल. नंतर दुसऱ्या कार्डाने करा आणि "व्यवहार रद्द झाला" हे ॲप नीट सांगतं का ते बघा. परीक्षकांच्या खरेदीला कबुलीची मुदत तीन दिवसांऐवजी मोजक्या मिनिटांची असते, त्यामुळे पैसे परत जाण्याचा प्रसंगही बसल्या जागी बघता येतो.

आता पैसे परत येण्याबद्दल. तुमचं "पाच ते सात दिवस" हे उत्तर दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतं. मुलाच्या दृष्टीने त्यांचं कारण, दार आणि मुदत सगळंच वेगळं आहे.

पहिली गोष्ट बँकेची. खात्यातून वजा झाले, पण दुकानदाराकडे पोच पोचलीच नाही, अशा यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप खात्यात परत यायला हवी. हे दिवस पंचांगाचे आहेत, कामकाजाचे नाहीत. मधला रविवार, गणेशोत्सवाची सुट्टी सगळे धरून. पाच दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची. कार्डाने ऑनलाइन भरलेल्या पैशालाही हीच मुदत आणि हीच भरपाई आहे. सोमवारी अडकलेले पैसे शनिवारपर्यंत आले नाहीत तर रविवारपासून भरपाई लागू होते. ४९९ रुपयांवर दिवसाला १०० रुपये म्हणजे घरच्या मजुरीतून फी भरणाऱ्या मुलासाठी थोडी रक्कम नाही. हे त्याला कोणीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट दुकानाची. पैसे पोचले, खरेदी पूर्ण झाली, आणि नंतर ती रद्द झाली: कबुली गेली नाही म्हणून, किंवा तुम्ही स्वतः परतावा दिला म्हणून. हा नवा, उलटा व्यवहार आहे. त्याला वरची पाच दिवसांची मुदत आणि भरपाई लागू होत नाही. ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने ते परत जातात आणि बँकेप्रमाणे कामकाजाचे काही दिवस लागतात. अशा वेळी मुलाला बँकेत पाठवणं म्हणजे त्याचा दिवस आणि बसभाडं वाया घालवणं आहे.

दोन्हींतला फरक मुलाला ओळखता येतो, फक्त कुठे बघायचं ते सांगायला हवं. यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडला की त्याची स्थिती आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक दिसतो. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारून `Payments & subscriptions` आणि मग `Budget & history` मध्ये गेलं की खरेदीची स्थिती दिसते. यूपीआय ॲप व्यवहार फसला म्हणतंय आणि खात्यातून पैसे गेलेत, तर दार बँकेचं. परिपत्रकाचे पाच दिवस मोजायचे, आणि त्याच यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराखालून तक्रार नोंदवायची. यूपीआय ॲप यशस्वी म्हणतंय आणि प्ले स्टोअरमध्येही खरेदी पूर्ण दिसतेय, तर दार तुमचं, आणि तीन दिवसांची मुदत चालू आहे. यूपीआय यशस्वी आणि प्ले स्टोअरमध्ये मात्र अजून `Pending` असेल तर एखादा दिवस थांबायचं, पुन्हा पैसे भरायचे नाहीत.

हे शेवटचं वाक्य तुमच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवं. मुलं घाबरून भावाच्या फोनवरून दुसऱ्यांदा खरेदी करतात. रात्री दोन्ही व्यवहार पूर्ण होतात, आणि तुमच्याकडे एकाच मुलाच्या दोन खात्यांवर दोन सिरीज उघडतात. त्यातली एक परत करायला तुमचाच माणूस आठवडाभर खपतो.

बँकेच्या दाराबद्दल एक गोष्ट तुम्हाला तिकडून दिसत नाही. आमच्याकडच्या मुलाचं खातं बहुधा गावातल्या ग्रामीण किंवा सहकारी बँकेत असतं. तिथला मदत क्रमांक आधी कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत बोलतो. बाजारातलं कन्नड मुलांना येतं, पण "व्यवहार प्रलंबित, लाभार्थी बँकेकडून पोच नाही" हे सांगायला ते पुरत नाही. तुमचं मदत केंद्र मराठीत बोलतं, म्हणून तो आधी तुमच्याकडे येतो, आणि तुम्ही त्याला बँकेकडे परत पाठवता. निदान मराठीत एवढं तरी सांगा की बँकेकडे लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते, आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते.

माझी मागणी मोठी नाही. `Pending` आलं की खरेदीच्या पानावर परत फेकू नका. तिथेच एक पान दाखवा आणि ते मुलाने ॲप उघडलं की दर वेळी दिसू द्या. त्यावर साध्या मराठीत लिहा: "तुमचे पैसे बँकेतून निघाले आहेत, आमच्याकडे अजून पोचलेले नाहीत. पोचले की सिरीज आपोआप उघडेल आणि एसएमएस येईल. पुन्हा पैसे भरू नका. व्यवहार फसला तर रक्कम तुमच्या बँकेने पाच दिवसांत परत करायची आहे." सोबत तारीख लिहा, कुठल्या दिवसापर्यंत, तेही. आणि परीक्षा तोंडावर असेल तर तुमच्या मोफत सराव परीक्षांपैकी एखादी त्याच पानावरून उघडून द्या. विकलेली सिरीज न देताही मुलाचा तो दिवस वाचतो, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी, झालेल्या गोष्टींबद्दल. गुगलची रद्द खरेद्यांची यादी, म्हणजे `Voided Purchases API`, मागच्या ३० दिवसांचीच माहिती देते. ती आज काढा. तिच्यातली टोकन तुमच्या नोंदींशी ताडून बघा. ज्यांची खरेदी पूर्ण झाली, सिरीज कधीच उघडली नाही आणि पैसे परत गेले, अशी मुलं त्यात सापडतील. त्यांनी तुमच्याकडे तक्रार केली असेल आणि तुम्ही त्यांना बँकेत पाठवलं असेल. त्यांना स्वतःहून लिहा, चूक आमच्या ॲपची होती असं सांगा, आणि पुढच्या परीक्षेसाठी सिरीज उघडून द्या. यादी जितक्या उशिरा काढाल तितकी जुनी नावं तिच्यातून गळत जातील.

आपला,
अभ्यासिकेतला एक शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव